भाग: चार, चार, नऊ, सात. पण ग्रॅम कशाचे?

आजचा भाग थोडा आकडेमोडीचा आहे, पण घाबरू नका, पाढे चौथीपर्यंतचेच लागतील. जमलं तर मोबाइलचा कॅल्क्युलेटर उघडून ठेवा.

गोष्ट माझ्या धाकट्या भावाची आहे. तो पोलीस भरतीची तयारी करतोय, खोली घेऊन राहतो आणि दोन वेळा मेसला जेवतो. सहा आठवड्यांपूर्वी त्याने ठरवलं की आता खाणं मोजून खायचं. लहान वजनकाटा घेतला, वही केली, रोज लिहायला लागला. आणि 1600 मीटरची त्याची वेळ सुधारायच्या ऐवजी बिघडायला लागली. साडेपाच मिनिटांत धावणारा पोरगा सहा मिनिटांच्या जवळ गेला. वजन साडेतीन किलो उतरलं. फोनवर मला म्हणाला, "दादा, मी रोज 2550 कॅलरी खातोय. वहीत लिहिलंय सगळं. तरी पाय उचलत नाहीत."

आता मी खाद्यपदार्थांच्या कारखान्यात नोकरी करतो. पाकिटामागे जो पोषणाचा तक्ता असतो ना, तो तयार करणं हेच माझं रोजचं काम. म्हटलं, वहीच्या पानांचे फोटो पाठव.

वहीकडे जायच्या आधी हिशोबाचा नियम सांगतो. एक ग्रॅम प्रोटीनचे 4 कॅलरी. एक ग्रॅम कार्बचे 4. एक ग्रॅम फॅटचे 9. आणि एक ग्रॅम अल्कोहोलचे 7. आपण ज्याला बोलताना कॅलरी म्हणतो, त्यालाच पाकिटावर kcal लिहिलेलं असतं. जगभरातली लेबलं साधारण याच चार आकड्यांवर चालतात.

हे आकडे आले कुठून? एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी अमेरिकेत विल्बर ॲटवॉटर नावाचे रसायनशास्त्रज्ञ होते. त्यांनी अन्न बंद भांड्यात जाळून त्यातून किती उष्णता निघते ते मोजलं. पण शरीर म्हणजे काही भट्टी नाही. प्रोटीन जाळलं तर ग्रॅमला साधारण साडेपाच कॅलरी निघतात, शरीराला मात्र तेवढ्या मिळत नाहीत. थोडं प्रोटीन न पचताच बाहेर जातं. जे पचतं त्यातला नायट्रोजन युरियाच्या रूपात लघवीतून जातो आणि जाताना थोडी ऊर्जा घेऊन जातो. हे सगळं वजा केलं की उरतात 4. फॅट जाळून साडेनऊच्या आसपास येतं, पचनातली गळती धरून 9. म्हणजे हे आकडे नुसत्या जळणाचे नाहीत, शरीराच्या हातात पडणाऱ्या ऊर्जेचे आहेत. सरासरीचे आहेत, पण रोजच्या जेवणाला चांगले लागू पडतात.

आता वही. पहिल्याच पानावर लिहिलं होतं: भात 300 ग्रॅम, 1050 कॅलरी.

मी तिथेच थांबलो. 300 ग्रॅमला 1050, म्हणजे 100 ग्रॅमला 350. हा आकडा तांदळाचा आहे, भाताचा नाही! 100 ग्रॅम कच्च्या तांदळात साधारण 78 ग्रॅम कार्ब, 8 ग्रॅम प्रोटीन आणि अर्धा ग्रॅम फॅट असतं. 78 गुणिले 4 म्हणजे 312. 8 गुणिले 4 म्हणजे 32. अर्धा गुणिले 9 म्हणजे साडेचार. बेरीज झाली साधारण 350. आकडा अगदी बरोबर आहे. भावाने मोबाइलवर शोधला, मिळाला, लिहिला. पण काट्यावर त्याने ठेवला होता शिजलेला भात, आणि त्यात निम्म्याहून जास्त पाणी असतं. पाण्याला कॅलरी नसतात.

मग मेसच्या मावशींना विचारलं. त्या आधी हसल्या. म्हणाल्या, "अरे, भात काय मोजून खातात का?" पण दुसऱ्या दिवशी त्यांनी खरंच मोजू दिलं. 1 किलो तांदूळ टाकला, भात झाला 2 किलो 700 ग्रॅम. म्हणजे तांदळाच्या 350 कॅलरी आता 100 नाही, तर 270 ग्रॅमभर पसरल्या. 350 भागिले 2.7, साधारण 130. तर 100 ग्रॅम भाताच्या 130 कॅलरी. भावाच्या 300 ग्रॅम भाताच्या झाल्या 390. वहीत होत्या 1050. एका ओळीत 660 कॅलरी हवेत गेल्या.

वरणाचंही तेच. वाटीत 150 ग्रॅम वरण, आणि वहीत हिशोब 150 ग्रॅम तूरडाळीचा. 100 ग्रॅम डाळीत 22 ग्रॅम प्रोटीन, 55 ग्रॅम कार्ब, दीड ग्रॅम फॅट धरलं तर सुमारे 320 कॅलरी होतात, म्हणून त्याने 480 लिहिल्या. मावशींच्या वरणात त्या वाटीला कच्ची डाळ येते जेमतेम 30 ग्रॅम. खऱ्या कॅलरी 96. आणखी 385 गेल्या. प्रोटीनही 33 ग्रॅम समजत होता, मिळत होतं साडेसहा.

आता उलटी चूक. अख्ख्या वहीत तेल कुठेच नव्हतं. का? तर तेल ताटात वेगळं दिसत नाही, म्हणून काट्यावर आलंच नाही. मावशी म्हणाल्या, 20 पोरांना दिवसाला 600 ग्रॅम तेल लागतं, भाजी, फोडणी, पोळ्या सगळं धरून. म्हणजे माणशी 30 ग्रॅम. तेल म्हणजे निव्वळ फॅट, 30 गुणिले 9, झाल्या 270 कॅलरी. भाजीच्या तळाला, कढईला थोडं राहतं, ते सोडून द्या.

हिशोब लावू. वहीतल्या 2550. भात आणि वरण मिळून जास्त धरलेल्या 1045 काढल्या. विसरलेल्या तेलाच्या 270 मिळवल्या. उरल्या 1775. रोज पहाटे ग्राउंड मारणारा बावीस वर्षांचा पोरगा एवढ्यावर धावत होता. पाय कसे उचलणार? त्याला कमी खायचंच नव्हतं. तो तर पुरेसं खातोय असं समजून, भूक लागली तरी वही बघून थांबत होता.

म्हणून माझं म्हणणं एवढंच: 4, 4, 9, 7 हे आकडे सहसा चुकत नाहीत. चुकतात ते त्यांच्यासमोर ठेवलेले ग्रॅम.

घरी करायचं असेल तर पद्धत अशी. शिजवण्याआधी सगळं कच्चं वजन करा, तेलासकट. तेलाची बाटली फोडणीच्या आधी आणि नंतर काट्यावर ठेवली की गेलेलं तेल कळतं. सगळ्याच्या कॅलरी काढून बेरीज करा. मग पदार्थ झाला की भांड्यासकट वजन करा आणि रिकाम्या भांड्याचं वजन वजा करा. एकूण कॅलरींना त्या वजनाने भागा. समजा 250 ग्रॅम तांदूळ, म्हणजे 875 कॅलरी, आणि भात झाला 680 ग्रॅम. एका ग्रॅमला आल्या जवळपास 1.3. तुमच्या ताटातल्या 150 ग्रॅम भाताच्या झाल्या 193. पाणी कमी-जास्त झालं तरी हा हिशोब बिघडत नाही, कारण कॅलरी कच्च्या मालावरून आल्या आहेत.

आणि चूक ओळखायची खूण? 100 ग्रॅममध्ये प्रोटीन, कार्ब, फॅट आणि पाणी मिळून 100 च्या वर जाऊच शकत नाहीत. जो पदार्थ ओला, मऊ, रसाचा आहे आणि ज्यात तेल फारसं नाही, त्याला 100 ग्रॅमला 350 कॅलरी निघत असतील तर तो आकडा कोरड्या मालाचा आहे, डोळे झाकून समजा.

पाकीट तपासायलाही हेच. बिस्किटांच्या पुड्यावर प्रोटीन 7, कार्ब 76, फॅट 14 असेल, तर 28 अधिक 304 अधिक 126, म्हणजे 458. छापलेला आकडा याच्या जवळपास हवा. इथे एक गंमत होते: कार्बच्या खाली साखर वेगळी छापलेली असते, लोक ती पुन्हा मिळवतात. ती कार्बच्या आतलीच असते. दोनदा धरू नका.

आता माझी स्वतःची फजिती. भावाची वही तपासून मी शहाणा झालो होतो, तेव्हा तो म्हणाला, "दादा, तुझं शनिवारचं धर की." मी माझ्या नोंदीत व्हिस्कीसमोर शून्य लिहीत होतो. प्रोटीन शून्य, कार्ब शून्य, फॅट शून्य, मग बेरीजही शून्य! चौथा आकडा मी सोयीस्करपणे विसरलो होतो. 60 मिलीचा पेग घ्या. बाटलीवर 42.8 टक्के लिहिलेलं असतं, पण ते टक्के वजनाचे नाहीत, आकारमानाचे. 60 मिलीचे 42.8 टक्के म्हणजे 25.7 मिली अल्कोहोल. अल्कोहोल पाण्यापेक्षा हलकं असतं, एक मिलीचं वजन 0.79 ग्रॅम. म्हणून झाले साधारण 20 ग्रॅम. गुणिले 7, म्हणजे 140 कॅलरी. दोन पेगचे 280, म्हणजे भावाच्या दिवसभराच्या तेलापेक्षा जास्त. बिअरला हाच हिशोब, फक्त तिथे कार्बच्या कॅलरी वर मिळवायच्या. सोबतचा चखणा वेगळा, त्यावर मी आज बोलत नाही.

या आकड्यांची एक मर्यादाही सांगतो. जे अन्न नीट फुटत नाही, तिथे ते जास्त दाखवतात. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या संशोधकांनी 2012 साली बदामांवर प्रयोग छापला. 28 ग्रॅम बदामांच्या नेहमीच्या हिशोबाने 170 च्या आसपास कॅलरी येतात, पण माणसांना प्रत्यक्ष मिळाल्या 129. कारण दाताखाली न फुटलेल्या पेशींतलं तेल तसंच बाहेर जातं. धान्याच्या कोंड्यातल्या तंतूंचंही तसंच, त्यांना ग्रॅमला 4 नाही, साधारण 2 च धरतात. त्यामुळे शेवटचा अंक धरून भांडू नका. शे-पन्नास इकडेतिकडे होणारच. पण सातशे-आठशेचा फरक पडला तर तो बदामाचा नसतो, तो तांदूळ आणि भाताचा असतो.

भाऊ आता भात जास्त घेतो, दोन अंडी आणि मूठभर शेंगदाणे वाढवलेत, आणि वहीत प्रत्येक ओळीपुढे "कच्चं" किंवा "शिजलेलं" असं लिहितो. वजन घसरायचं थांबलंय. परवा 1600 मीटर पुन्हा पाच मिनिटं चाळीसमध्ये आलं. ग्राउंडला अजून वेळ आहे.

तुमच्याही नोंदी असतील तर आज रात्री फक्त भाताची ओळ बघा. 100 ग्रॅमला 130 च्या आसपास आहे की 350, एवढंच. चला, भेटू पुढच्या भागात.