आजी बोलतेय, नीट दिसू आणि ऐकू द्या

आपल्या अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना गावरान बियाणं जपल्याबद्दल २०२० सालचा पद्मश्री जाहीर झाला. त्यांच्यावरच्या ‘सीड मदर’ या लघुपटाला त्याआधी २०१९ मध्ये कान इथे एका स्पर्धेत तिसरं बक्षीस मिळालं होतं. ती स्पर्धा उभ्या चित्रपटांची होती, म्हणजे आपण फोन उभा धरतो तसं चित्र. राहीबाईंसारखं ज्ञान असणाऱ्या आज्या आपल्या गावोगावी आहेत. त्यांचं बोलणं फोनवर कसं टिपायचं, ते आज सांगतो.

आमच्या गटानं एका आजीला एवढंच विचारायचं ठरवलं, की वालाचं बी वर्षभर कसं ठेवता? राखेत घोळवून, मडक्यात भरून, तोंड शेणमातीनं लिंपून, असं त्या सांगणार होत्या. दिवस पावसाळ्याचे, घर पत्र्याचं, खिडकी लहान.

पहिली गोष्ट उजेड. अशा घरात सगळ्यात चांगला दिवा म्हणजे उघडं दार. आजीला दारातून दोन-तीन हात आत, दाराकडे तोंड करून, जरा तिरपं बसवलं. दाराकडे पाठ केली असती तर मागचा उजेड धरून फोननं चेहरा काळा केला असता. घरातला बल्ब बंद ठेवला, नाहीतर एक गाल पिवळा आणि दुसरा निळसर दिसतो. दाराच्या विरुद्ध बाजूचा गाल अंधारात जात होता. तिथे सुपावर पांढरं धोतर पसरून एकीनं चित्राबाहेर धरलं, की उजेड परतून गालावर आला. ऊन थेट तोंडावर येत असेल तर माणसाला आणखी आत सरकवायचं. डोळे मिटायला लागले की समजावं, ऊन जास्त आहे.

दुसरी गोष्ट फोनची जागा. धान्यानं भरलेला उभा डबा पाटावर ठेवला आणि फोनची पाठ डब्याला लावून रबरानं बांधला. कॅमेरा डब्याच्या काठावर येईल, इतका फोन वर काढला. पाटाखाली विटा सरकवत कॅमेरा आजीच्या डोळ्यांच्या पातळीला आणला. फोन खाली राहिला तर नाकपुड्या आणि पत्रा दिसतो. चित्रात डोक्यावर चार बोटं जागा आणि खाली छातीपर्यंत अंग. हातातलं मडकं दाखवायचं होतं, म्हणून फोन थोडा मागे घेतला. मागच्या बाजूचा कॅमेरा वापरला, काच पदरानं पुसली, आणि पडद्यावर आजीच्या चेहऱ्यावर बोट दाबून धरलं, म्हणजे मध्येच उजेड कमीजास्त होत नाही. फोन विमान मोडवर टाकला, नाहीतर ऐन बोलण्यात कुणाचा तरी फोन येतो.

तिसरी गोष्ट आवाज, आणि याच ठिकाणी बहुतेक व्हिडिओ वाया जातात. चित्र थोडं अंधुक असलं तरी बाई पाहतात, पण शब्द कळला नाही की पुढे सरकतात. दोन हात लांबचा फोन आजीबरोबर पंखा, गिरणी आणि पत्र्यावरचा पाऊसही ऐकतो. म्हणून वायरच्या इअरफोनचा माइक पदराच्या काठाला, हनुवटीखाली एक वीतभर, सेफ्टीपिननं लावला. माळ आणि मंगळसूत्र त्याला घासू नये म्हणून बाजूला सारलं. सगळेच फोन व्हिडिओ घेताना इअरफोनचा माइक धरत नाहीत. ते असं ओळखायचं: पंधरा सेकंद चाचणी घेताना माइकवर नखानं टकटक करा. ऐकताना टकटक मोठी आली तर माइक चालू आहे, अगदी हलकी आली तर फोन स्वतःच ऐकतोय.

मग दुसरा फोन घ्या. त्यात आवाजाचं रेकॉर्डिंग सुरू करून तो आजीच्या मांडीवर ठेवा, आणि दोन्ही चालू झाल्यावर एक टाळी वाजवा. जोडताना चित्रातली टाळी आणि आवाजातली टाळी जुळवली की झालं.

आवाज घुमत असेल तर भिंतीला गोधड्या टांगा. पत्र्यावर जोराची सर आली की मात्र उपाय नाही, थांबा. आम्ही दोन सरींच्या मधल्या वेळात घेतलं.

शेवटचं, आजी काचेकडे बघून गोंधळतात. म्हणून विचारणारी कॅमेऱ्याला लागूनच बसली आणि एकेक प्रश्न विचारत गेली. आजी तिच्याकडे पाहून बोलल्या, आणि पाहणाऱ्याला वाटतं, आपल्याशीच बोलतात. प्रश्नानंतर मनात दोन मोजून मग आजींनी सुरुवात करायची, म्हणजे कापताना पहिला शब्द तुटत नाही.

झाल्यावर घरातल्याच दुसऱ्या बाईला, पडदा न दाखवता, व्हिडिओ ऐकवा. तिला राख किती घ्यायची आणि तोंड कशानं लिंपायचं हे सांगता आलं, तर आजीचं बियाणं पुढच्या घरी पोचलं. भेटू पुढच्या भागात.