स्पॅनिशचे दोन भूतकाळ

स्पॅनिश शिकूं लागलेला मराठी माणूस लवकरच अडखळतो तो भूतकाळाशीं. शेवटल्या अक्षरावर आघात देऊन 'आब्लो' म्हटलें, म्हणजे 'तो बोलला'. 'आब्लाबा' म्हणजे 'तो बोलत होता' किंवा 'बोलत असे'. पहिला काळ इंदेफिनिदो, दुसरा इंपेर्फेक्तो. आपल्याकडे 'बोलत होता' आणि 'बोलत असे' हीं दोन रूपें जें काम वांटून घेतात, तें तेथें एकटा इंपेर्फेक्तो करतो. इतकें सोपें आहे. पुढें मात्र आपली मराठीच आपणांस चकविते. तें एका लहानशा गोष्टींतून पाहूं. मी क्रियापद मूळ रूपांत सांगतों. काळ आपण ठरवावा.

रात्रीचे दहा (१. सेर). पाऊस (२. ल्योबेर). वृद्ध आंद्रेस नेहमींप्रमाणें रोजनिशी (३. एस्क्रिबिर). त्या रात्रीच्या गाडीनें त्याचा मुलगा यावयाचा होता. एकाएकीं त्यानें गाडीची शिट्टी (४. ओइर) आणि दार (५. आब्रिर). उंबरठ्यावर तो दोन तास वाट (६. एस्पेरार). अखेर स्टेशनवरचा हमाल आला, आणि मुलगा येत नसल्याचें त्याला (७. साबेर).

आतां उत्तरें. पहिलें 'एरान', गतकाळांतील घड्याळाची वेळ सांगतांना इंपेर्फेक्तोच येतो. दुसरें 'ल्योबीआ', तिसरें 'एस्क्रिबीआ'. पाऊस केव्हां सुरू झाला, लिहिणें केव्हां संपलें, याच्याशीं येथें कर्तव्य नाहीं. हा गोष्टीचा पडदा झाला. 'पाऊस रात्रभर पडला' असें संपूर्ण रात्र मोजून सांगावयाचें असतें, तर तोच पाऊस 'ल्योबिओ' झाला असता. चौथें 'ओयो', पांचवें 'आब्रिओ'. येथें गोष्ट पाऊल पुढें टाकते.

सहाव्याला बहुतेकांनीं 'एस्पेराबा' लिहिलें असेल. आपण 'दोन तास वाट पाहत होता' असेंच म्हणतों ना! परंतु क्रिया किती वेळ चालली, ही कसोटीच नव्हे. 'दोन तास' म्हणतांच तिच्याभोंवतीं कुंपण पडलें, ती पुरी झाली. म्हणून 'एस्पेरो', आघात पुन्हां शेवटीं. दहा वर्षें सेव्हिलमध्यें राहून परतलेला मनुष्यही त्या वास्तव्याविषयीं 'बिबी' असेंच म्हणेल. 'रोज दोन तास वाट पाहत असे' म्हणावयाचें असेल, तरच 'एस्पेराबा'. कारण त्या संवयीला कुंपण नाहीं.

सातवें 'सूपो'. साबेर म्हणजे ठाऊक असणें. इंदेफिनिदोंत त्याचा अर्थ 'कळलें' असा होतो. आपण यासाठीं निराळे शब्द योजतों, स्पॅनिश मनुष्य केवळ काळ बदलतो. येथें 'साबीआ' लिहिलेंत, तर मुलगा येणार नाहीं हें म्हाताऱ्याला अगोदरच ठाऊक होतें, आणि तरीही तो दोन तास पावसांत दार उघडें टाकून उभा राहिला, असें होईल. ती गोष्ट निराळी.