शिक्का कधी मारायचा?



पुढच्या रांगांत सलून आणि पार्लर चालवणारी मंडळी बसलेली दिसताहेत. म्हणून आजचा विषय थेट त्यांच्या गल्ल्याला भिडणारा घेतला आहे: गिऱ्हाईक लवकर परत यावं म्हणून द्यायचं शिक्क्यांचं कार्ड.

आपल्या गावगाड्यात न्हाव्याला हा प्रश्न पडतच नव्हता. घरं वाटून घेतलेली असत. वर्षभर डोकी-दाढ्या करायच्या आणि सुगीला खळ्यावर जाऊन बलुतं घ्यायचं. ज्याची वस्तऱ्यालाही शिवाशिव होती, त्याला त्या व्यवस्थेत खुर्ची नव्हती. ती व्यवस्था गेली ते बरंच झालं. पण तिच्याबरोबर बांधलेलं गिऱ्हाईकही गेलं. आज साताऱ्यात राजपथावर एका दुकानात गर्दी दिसली की माणूस पोवई नाक्यावरच्या दुसऱ्या दुकानात जातो. तुमच्याकडे आला तरी सहा आठवड्यांनी येतो.

म्हणून आपण कार्ड छापतो: 'दहा कटिंगवर अकरावी मोफत.' या ओळीचा हिशेब करून पाहू. सहा आठवड्यांनी येणारा माणूस वर्षात आठ-नऊ वेळा येतो. त्याचं दहा शिक्क्यांचं कार्ड भरायला वर्ष उलटून जातं आणि तोवर ते पाकिटात विरतं. दर महिन्याला येणारा मात्र कार्ड नसतं तरी आलाच असता. तो दहा महिन्यांत कार्ड भरतो आणि मोफत कटिंग घेतो, तीही रविवारी, खुर्ची रिकामी नसताना. म्हणजे ज्याला हलवायचं तो हलला नाही आणि जो आधीच येत होता त्याला आपण पैसे दिले. आपल्याला दोन फेऱ्यांमधलं अंतर कमी करायचं आहे, तर शिक्काही त्या अंतरावरच मिळायला हवा.

त्यासाठी कार्डाचा नियम एवढाच ठेवा: प्रत्येक कटिंगला एक शिक्का आणि कार्डावर लिहिलेल्या तारखेच्या आत आलात तर दोन. ही तारीख कारागीर प्रत्येक वेळी पेनाने लिहील, आजपासून तीस दिवसांची. 'महिनाभरात या' हे लक्षात राहत नाही, '१४ जूनपर्यंत' हे राहतं.

कार्डावर शिक्क्यांची घरं किती ठेवायची? न्यून्स आणि द्रेझ या दोन अभ्यासकांनी २००६ साली अमेरिकेतल्या मोटार धुण्याच्या केंद्रावरचा एक प्रयोग प्रसिद्ध केला. निम्म्या लोकांना आठ रिकाम्या घरांचं कार्ड दिलं, निम्म्यांना दहा घरांचं, पण त्यातली दोन आधीच भरलेली. दोघांनाही गाडी आठ वेळाच धुवायची होती. पहिल्या गटातल्या १९ टक्के लोकांनी कार्ड पूर्ण केलं, दुसऱ्यातल्या ३४ टक्के लोकांनी. सुरू झालेलं काम माणसाला अर्धवट टाकवत नाही. म्हणून आपलं कार्ड बारा घरांचं करा आणि दोन शिक्के मारूनच द्या. त्याला कारणही सांगा: 'आपल्या पहिल्या भेटीचे दोन शिक्के आमच्याकडून.' उरली दहा घरं. वेळेत येणारा ती पाच फेऱ्यांत, म्हणजे पाच महिन्यांत भरतो.

आता बक्षीस. मोफत कटिंग देऊ नका, हेड मसाज द्या, सोमवार सोडून मधल्या वारी, दुपारी. तेव्हा खुर्ची रिकामीच असते. समजा, कटिंग १२० रुपये आणि मसाज १०० रुपये. आपल्याकडे बरेच कारागीर टक्केवारीवर असतात. निम्म्याची टक्केवारी धरली तर मोफत मसाजचेही ५० रुपये त्याला द्यायलाच हवेत. ते दिले नाहीत तर तो कार्डवाल्या गिऱ्हाइकाला टाळतो आणि योजना दुकानातच मरते. तेल-टॉवेलचे १० धरा. म्हणजे एका बक्षिसाचा खर्च ६० रुपये, वर्षात दोन वेळा, १२० रुपये.

सहा आठवड्यांचा माणूस महिन्यावर आला की आठ-नऊच्या बारा फेऱ्या होतात. निदान तीन वाढल्या, ३६० रुपये आले. कारागिराचा वाटा जाऊन मालकाकडे १८०. त्यातून बक्षिसाचे १२० वजा केले की ६० उरतात. आधीपासून महिन्याला येणाऱ्याचे मात्र सरळ १२० जातात. म्हणजे एका जुन्या नियमित गिऱ्हाइकामागे दोन नवी वळली, तर बरोबरी. त्याहून कमी वळली, तर तोटा. तुमचे दर घालून हे गणित कार्ड छापण्याआधी करा.

नियमित गिऱ्हाइकाला डावलूही नका. त्याला मसाजपेक्षा वेळ मोलाचा असतो. बक्षिसात निवड ठेवा: मसाज, किंवा रविवारी ठरलेल्या वेळी न थांबता खुर्ची. दुसऱ्याला तुमचा पैसा लागत नाही, फक्त वहीत नंबर राखून ठेवावा लागतो.

मजकूर असा ठेवा: 'कटिंगला एक शिक्का. खालच्या तारखेच्या आत आलात तर दोन. बारा भरले की हेड मसाज, मंगळवार ते शुक्रवार, दुपारी १ ते ४. किंवा रविवारी राखीव वेळ. श्रावण आणि पितृपक्षाचे दिवस मोजले जात नाहीत.' शेवटचं वाक्य साताऱ्या-सांगलीत विसरू नका. श्रावणात केस न कापणाऱ्या माणसाची तारीख दुकानाने चुकवली, असं त्याला वाटता कामा नये. 'अटी व नियम लागू' आणि 'आकर्षक भेट' हे शब्द काढून टाका. दर वाढवून त्याच पैशात बक्षीस बसवलं आणि त्याला 'मोफत' म्हटलं, तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात ती अनुचित व्यापारी प्रथा ठरते.

छपाईत एकच काळजी घ्या. चकचकीत लॅमिनेशनवर शाई वाळत नाही, पाकिटात पुसली जाते. ज्या बाजूला शिक्का मारायचा ती कोरी, खरखरीत ठेवा. शिक्का दुकानाच्या नावाचा करून घ्या, बाजारात मिळणारा तारा नको. आणि प्रत्येक शिक्क्याची तारीख वहीतही लिहा, म्हणजे कार्ड हरवलं तरी भांडण होत नाही.

हीच वही पुढे खरं-खोटं सांगते. कार्ड काढण्याआधी दोन महिने पन्नासेक गिऱ्हाइकांच्या तारखा लिहून ठेवा आणि पुढच्या वर्षी त्याच दोन महिन्यांशी ताडून पाहा. दिवाळीचे महिने श्रावणाशी ताडले तर फसाल. पहिले शिक्के भरपूर आणि मधले तुरळक दिसले, तर बक्षीस लांब पडलंय. कार्डं भरताहेत पण अंतर तेवढंच आहे, तर तुम्ही जुन्यांनाच वाटताय. आणि भरलेलं कार्ड परत घेताना नवं कार्ड दोन शिक्के मारून त्याच हातात द्या, कारण बक्षीस मिळालं की माणूस सैलावतो.

एक मर्यादाही सांगतो. केस महिन्याला साधारण सव्वा सेंटिमीटर वाढतात. कार्डाने ते लवकर वाढत नाहीत. थ्रेडिंगला दोन-तीन आठवडे आणि केसांच्या रंगाला चार-सहा आठवडे धरून त्या-त्या कामाची तारीख वेगळी ठेवा. कटिंगसाठी महिन्याच्या अलीकडे कुणाला ओढू नका. उद्या छापखान्यात जाण्याआधी आज रात्री वही उघडा आणि शेवटच्या वीस गिऱ्हाइकांचं अंतर मोजा. आधीच सगळे महिन्याच्या आत येत असतील, तर तुम्हाला कार्डाची गरज नाही.