काठीची सावली आणि शिखराची उंची
(समारंभप्रसंगी केलेल्या भाषणावरून)



नववी-दहावीच्या मुलांना समरूप त्रिकोण शिकविताना मी त्यांना उन्हात नेतो. सूर्य सुमारे १५ कोटी किलोमीटर दूर असल्याने त्याचे किरण आपल्यापाशी जवळजवळ समांतर येतात. म्हणून एकाच वेळी, सपाट जमिनीवर, काठी व तिची सावली आणि शिखर व त्याची सावली हे दोन काटकोन त्रिकोण समरूप होतात. कंदिलाच्या उजेडात हे साधत नाही, कारण त्याचे किरण फाकत जातात.

समजा, ओळंब्याने सरळ उभी केलेली १ मीटरची काठी ८० सेंटीमीटर सावली टाकते. त्याच क्षणी देवळाच्या शिखराच्या सावलीचे टोक भिंतीपासून ९ मीटरवर आहे. मुले लगेच ९ ला ०.८ ने भागतात आणि उंची ११.२५ मीटर सांगतात. गणित बरोबर, उत्तर मात्र चूक! कळस भिंतीवर नसून देवळाच्या मध्यावर आहे. त्रिकोणाचा पाया कळसाच्या बरोबर खालच्या बिंदूपासून मोजावयास हवा. तेथे टेप नेता येत नाही. पण देऊळ चौरस, ६ मीटर रुंद असेल आणि सावली भिंतीला काटकोनात पडत असेल, तर रुंदीचे अर्धे ३ मीटर मिळवावेत. पाया १२ मीटर, आणि उंची १५ मीटर. पावणेचार मीटरचा फरक केवळ सुरुवातीचा बिंदू चुकल्याने पडला.

आता हेच कागदावर काढू. १ सेंटीमीटरास २ मीटर हे प्रमाण घेऊन ६ सेंटीमीटरचा पाया आखावा व एका टोकाशी लंब उभारावा. काठीसाठी शेजारी ८ सेंटीमीटर पाया व १० सेंटीमीटर उंचीचा त्रिकोण काढून त्याचा सावलीच्या टोकाकडील कोन पहिल्या पायाच्या दुसऱ्या टोकाशी उतरवावा. रेषा लंबाला ७.५ सेंटीमीटरवर छेदते, म्हणजे १५ मीटर. भागाकार न करताच उत्तर हाती येते.

दोन्ही सावल्या एकाच वेळी मोजण्यासाठी मुलांच्या दोन तुकड्या कराव्यात. आपल्या आदिलाबादेत मार्चअखेर सकाळी दहाच्या सुमारास, दहा मिनिटांत त्या काठीची सावली सुमारे सहा सेंटीमीटरांनी आखडते. शिखर आधी आणि काठी मागाहून मोजली, तर उंची मीटरभर जास्त निघते.

झाडाच्या बाबतीत आणखी एक अडचण येते. सूर्य वर असताना सावलीची कड शेंड्याची नसून पसरलेल्या फांदीची असते. म्हणून झाड सकाळी लवकर मोजावे. मेच्या तिसऱ्या आठवड्यात आणि जुलैच्या अखेरीस तर येथे मध्यान्ही सूर्य डोक्यावर येतो व काठीची सावली तिच्या पायाशीच विरते. तेव्हा त्रिकोणच उरत नाही, आणि मोजावयासही काही उरत नाही.