विश्रांती आणि शैथिल्य



आपल्या चिकित्सालयांत रोज येणाऱ्या एका साध्या तक्रारीकडे मी वळतो. ताणाने आखडलेली कंबर पंधरा-पंधरा दिवस अंथरुणावर टाकूनही का सुटत नाही, एवढाच माझा आजचा विषय आहे.

काही वर्षांपूर्वी एका कचेरीतील हिशेबनीस माझ्याकडे आले. वय बेचाळीस, मार्चअखेरची दफ्तरे पुरी करता करता जडलेले कंबरेचे दुखणे जून उजाडला तरी गेले नव्हते. मधल्या काळात त्यांनी पंधरा दिवसांची रजा काढून ती बव्हंशी पडून काढली होती. पण रुजू झाल्यावर पहिल्याच दुपारी कंबर पुन्हा धरली, आणि सकाळचा ताठरपणा तर पूर्वीहून वाढलेला. पायांतील बळ शाबूत होते, बधिरता नव्हती, ज्वर वा वजनातील घट नव्हती, मलमूत्राच्या नियमनात बिघाड नव्हता. यांपैकी एक जरी चिन्ह दिसते, तर आजच्या विवेचनाचा त्यांना उपयोग नव्हता आणि तपासाची दिशाच बदलावी लागली असती.

मी त्यांना पुढे वाकावयास सांगितले. निरोगी माणूस पूर्ण वाकला की पाठीच्या कण्यालगतचे स्नायू शेवटच्या टप्प्यात आपले काम सोडून देतात आणि शरीराचा भार अस्थिबंधांवर तोलला जातो, ही गोष्ट फ्लॉइड आणि सिल्व्हर या संशोधकांनी १९५१ साली स्नायूंच्या विद्युत्-आलेखावरून दाखविली. जुनाट कंबरदुखीच्या पुष्कळ रुग्णांत मात्र ही निःस्तब्धता येतच नाही. आमच्या हिशेबनिसांचे स्नायू त्या टप्प्यावरही अंगठ्याखाली दोरखंडासारखे ताठ लागत होते, आणि वाकताना त्यांनी श्वास रोखून धरला होता. अंगठ्याची साक्ष यंत्राइतकी पक्की नव्हे. परंतु रोखलेल्या श्वासाशी ती जुळली, तेव्हा निदानाची दिशा मला दिसली.

दंगा शमल्यावरही पहारा उठविण्याचा हुकूम न निघावा, तशी ही अवस्था असते. वेदनेच्या भयाने मज्जासंस्थेने स्नायूंना पहाऱ्यावर तैनात केले. वेदनेचे मूळ कारण ओसरले, पण हुकूम कायम राहिला. अखंड आकुंचित स्नायूत रक्ताभिसरण मंदावते, तो दुखू लागतो, आणि ते दुखणेच पहारा चालू ठेवण्याचे नवे निमित्त ठरते. अंथरूण धरल्याने कण्यावरील भार उतरतो, हुकूम मात्र उतरत नाही. उलट हालचाल नसल्याने स्नायूंचे बळ घटते आणि वाकण्याचे भय वाढते. विश्रांती आणि शैथिल्य या दोन गोष्टी भिन्न आहेत, त्या येथे. हठप्रदीपिकेत शवासनाची गणना आसनांत झाली आहे, यातले मर्म हेच असावे की अंग सैल सोडणे हेही शिकावे लागते.

हे शिक्षण देण्याची आमची रीत साधी होती. उताणे निजून, गुडघे दुमडून, कंबर पाच सेकंद जमिनीवर दाबावयाची आणि मग वीस सेकंद सोडून द्यावयाची, म्हणजे ताण आणि सैलपणा यांतील भेद रुग्णाला स्वतः कळतो. जेकबसन यांनी १९२९ साली ग्रंथरूपाने मांडलेल्या पद्धतीचे हेच तत्त्व होय. पुढे खुर्चीवर बसून, श्वास सोडीत, सावकाश वाकावयाचे. याच्या जोडीला दोन वेळा दहा-दहा मिनिटे चालणे, आणि दर तिसऱ्या दिवशी त्यात दोन मिनिटांची भर. बरे वाटेल त्या दिवशी अधिक चालावयाचे नाही आणि दुखेल त्या दिवशी टाळावयाचे नाही, एवढीच अट. दुसऱ्या आठवड्यात दुखणे वाढले आणि हिशेबनीस घाबरले. तेव्हा दुखणे दुसऱ्या सकाळपर्यंत ओसरत असेल तर मात्रा तीच ठेवावी, न ओसरल्यास भर निम्मी करावी, असा नियम घालून दिला. सहाव्या आठवड्यात वाकताना त्यांचा श्वास मोकळा झाला. पुढील मार्चमध्ये कंबर पुन्हा धरली खरी, परंतु या खेपेस रजेचा अर्ज आला नाही.

येथे एक मर्यादा सांगितली पाहिजे. हेल्सिंकी येथे झालेल्या आणि १९९५ साली प्रसिद्ध केलेल्या चाचणीत नव्याने कंबर धरलेल्या रुग्णांचे तीन गट केले होते; दोन दिवस अंथरुणावर राहिलेल्यांपेक्षा, आणि ठरीव व्यायाम करणाऱ्यांपेक्षाही, सोसेल तितका नित्यक्रम चालू ठेवणारे लवकर सुधारले. तेव्हा ताज्या दुखण्यात व्यायामाची घाई नको. आज मी सांगितलेला क्रम जुनाट दुखण्याचा आहे.

शेवटी एक विनंती. कोणत्याही कचेरीत रजेच्या हुकुमावर रुजू होण्याची तारीख असते. आपल्या चिठ्ठीवरील ‘पूर्ण विश्रांती’ या दोन शब्दांपुढे मात्र ती क्वचितच असते. ती तारीख आपण यापुढे लिहीत जाऊ या, आणि तिच्याखाली त्या दिवशी किती मिनिटे चालावयाचे तेही.