भाऊसाहेबांचा तक्ता
(स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



मघापासून सगळ्यांनी सरांच्या आणि बाईंच्या आठवणी सांगितल्या. मी ऑफिसातल्या एका माणसाची गोष्ट सांगणार आहे. आपले क्लार्क भाऊसाहेब. फी भरायला आणि दाखला मागायला गेलो, तेवढीच त्यांची आपली ओळख. पण मी दहावीच्या परीक्षेला बसलो तो त्यांच्या एका तक्त्यामुळे.

आपण दहावीत होतो ते वर्ष 1983-84. त्या जुलैत हेडसरांनी हुकूम काढला, की जो मुलगा गैरहजर असेल त्याच्या घरी चिठ्ठी गेली पाहिजे. शिपाईमामा सायकलवरून पाटाच्या कडेकडेने चिठ्ठ्या वाटत जायचे. प्रत्येक वर्गाच्या हजेरीपटातून नावे शोधायची आणि मग ती वस्तीप्रमाणे लावायची, यात रोज तास जायचा. म्हणून भाऊसाहेबांनी एक मोठा ताव आखला. उभ्या रकान्यात तारखा, आडव्या ओळीत मुले. पण मुले वर्गवार नव्हती, शिपाईमामांच्या रस्त्याप्रमाणे होती. सर्वांत वर शाळेजवळच्या झोपड्या, मग पाटाच्या मुखाकडचा वरचा मळा, आणि असे करत सर्वांत खाली टेलची वस्ती. एकूण सात वस्त्या. हजर असेल तर घर कोरे, गैरहजर असेल तर लाल शाईने 'ग'. अक्षर छापल्यासारखे.

हेतू फक्त मामांची सायकल वाचवण्याचा होता. पण दिवाळीच्या आधी ताव भरत आला, तेव्हा भाऊसाहेबांना त्यात एक तिरकी रेघ दिसली. खालच्या डाव्या कोपऱ्यातून निघून लाल 'ग' पायरीपायरीने वर उजवीकडे चढत गेले होते. टेलच्या वस्तीतली मुले सोमवार-मंगळवारी नव्हती, तिच्या वरच्या वस्तीतली बुधवार-गुरुवारी, त्याच्या वरची शुक्रवार-शनिवारी.

भाऊसाहेबांची नोकरी हजेरी मोजण्यातच गेली होती. त्यांनी मला नंतर समजावले ते असे. "हे बघ, बाजार किंवा जत्रा असली की एकाच तारखेला सगळ्या वस्त्यांतली पोरं गळतात, तेव्हा 'ग'ची उभी रेघ पडते. एखादं पोर आजारी पडलं किंवा आईबापाबरोबर ऊसतोडीला गेलं, तर त्याच्या नावापुढं आडवी रेघ पडते. तिरकी रेघ पडली, म्हणजे काहीतरी एका वस्तीवरून दुसऱ्या वस्तीवर चालत चाललंय."

त्यांना आधी गोवराची साथ वाटली. पण साथीत मूल आठवडाभर येत नाही. ही मुले दोन दिवसांत परत येत होती, आणि आल्यावर बाकावर डोके टेकून झोपत होती. वर्गावर्गातल्या हजेरीपटात हे दिसणे शक्यच नव्हते. तिथे एका वर्गात टेलचे एखादे पोर, मळ्याचे दोन. महिन्याच्या सरासरीत तर तिरकी रेघ पार पुसली जाते. राहतो फक्त टक्का.

दिवाळीच्या सुट्टीनंतर तीच रेघ पुन्हा उमटली. तेव्हा भाऊसाहेब पाटकऱ्याला जाऊन भेटले आणि त्यांना उलगडा झाला. ते पाणी होते.

तुमच्यातल्या शहरात गेलेल्यांसाठी सांगतो. आपल्याकडे पाटाचे पाणी शेजपाळीने मिळते. शेतकऱ्याने पाणी अर्ज भरायचा, खात्याने पाळी लावायची, आणि नियम असा की पाणी आधी टेलला द्यायचे, मग सरकत सरकत मुखाकडे यायचे. मुखाकडच्याने आधी घेतले तर टेलपर्यंत पोचतच नाही, म्हणून हा नियम. आणि पाटाला रात्र नसते. पाळी रात्री दोनला आली तर रात्री दोनला दारे धरायची. बाप बांध फोडतो आणि बांधतो, पण वाफा भरला की नाही हे बघायला दुसऱ्या टोकाला कंदील घेऊन कुणीतरी उभे लागते. ते कुणीतरी म्हणजे आपणच.

भाऊसाहेब एवढ्यावर थांबले नाहीत. जानेवारीच्या पाळीच्या तारखा त्यांनी पाटकऱ्याकडून आधीच घेतल्या आणि तक्त्यात पेन्सिलीने ठिपके दिले. टेलपासूनच्या चार वस्त्यांत लाल 'ग' बरोबर ठिपक्यांवर पडले. पाचव्या वस्तीपासून सगळे एक दिवस पुढे गेले. चौकशी केली तर चारी फुटली होती आणि पाणी एक दिवस अडले होते. एकाच गड्याचा 'ग' कुठल्याच ठिपक्याजवळ नव्हता. तो समोरच बसला आहे, नाव सांगत नाही. तो तंबूतल्या सिनेमाला गेला होता.

आता माझे. बोर्डाच्या परीक्षेला बसायला 75 टक्के हजेरी लागते. जानेवारीअखेर शाळेचे 160 दिवस भरले होते, म्हणजे 120 दिवस हजर हवे होते. मी 113 दिवस हजर होतो. सात दिवस कमी. सरांनी मला उभे करून विचारले, तेव्हा मी गप्प राहिलो. इतरांना निदान "आमची पाळी होती" असे सांगता येत होते. आम्हाला जमीनच नव्हती. झोपडीवाल्याची कसली पाळी? माझ्या नावापुढे तिरकी रेघ नव्हती, लांबलचक आडवी रेघ होती. उनाड पोराची असते तशी.

भाऊसाहेबांनी तक्त्यावर पट्टी उभी धरली. सर्वांत वर माझी ओळ. माझ्या एकेका 'ग'खाली पट्टी सरकवत नेली, की त्याच तारखेला कुठल्या तरी वस्तीचा 'ग' सापडायचा. त्यांनी मला बोलावून एवढेच विचारले, "तुझा बाप दुसऱ्यांची दारं धरतो का रे?"

मी हो म्हटले आणि रडलो. बाप रोजाने रात्रीचे पाणी धरायचा, आज टेलला, परवा मधल्या वस्तीला. पाणी वर सरकेल तसा तोही सरकायचा, आणि कंदील घेऊन मी त्याच्या मागे. ज्यांची जमीन होती त्यांची पोरे पाळीला दोन दिवस बुडायची. मी सगळ्यांच्या पाळीला बुडत होतो. माझ्या 47 गैरहजेऱ्यांपैकी 28 तीन पाळ्यांतल्या होत्या. बाकीच्या 19 माझ्या मीच केलेल्या होत्या, तेही खोटे बोलत नाही.

भाऊसाहेबांनी तक्त्याची नक्कल काढली, पाटकऱ्याच्या तारखा शेजारी लिहिल्या आणि हेडसरांपुढे ठेवली. हेडसरांनी हजेरीची तूट माफ करण्याची शिफारस बोर्डाकडे पाठवली आणि ती मंजूर झाली. पुढच्या वर्षीपासून पाळीच्या मुलांना दुपारच्या सत्राला यायची मुभा मिळाली. सकाळी झोप, दुपारी शाळा, आणि पटावर निदान अर्धा दिवस.

मी पुढे पाटबंधारे खात्यात लागलो आणि कालवा निरीक्षक म्हणून निवृत्त झालो. पाळीपत्रकावर शेतकऱ्याचे नाव असते, क्षेत्र असते, पीक असते. कंदील कोण धरणार, हा रकाना त्यात नसतो. रात्रीची पाळी लावताना मला तो दरवेळी दिसायचा. रात्र मला टाळता आली नाही, कारण पाणी थांबत नाही. पण दहावीच्या परीक्षेच्या दिवसांत कुणाच्या घरी परीक्षेला बसणारे पोर आहे हे विचारून, त्या घराची पाळी शेजाऱ्याशी बदलून द्यायचो. शेजारी नाही म्हणाल्याचे मला आठवत नाही.

भाऊसाहेब आज नाहीत. तो ताव वाळवीने खाल्ला असे ऑफिसात कळले. म्हणून म्हटले, निदान या स्मरणिकेत त्याची नोंद राहू दे.