फीचे पैसे आणि पत्त्यांचा डाव
(प्रभागसंघाच्या मासिक बैठकीत केलेलं बोलणं, सर्व गटांच्या मागणीवरून इथे छापत आहोत.)



आज कर्जफेडीचा तक्ता वाचायच्या आधी एक गोष्ट सांगते. त्यातली नावं मी घातलेली आहेत, पण ऐकताना तुम्हाला कुणाचं ना कुणाचं घर आठवेल. गोष्ट 2024 च्या दिवाळीनंतरची आहे.

भाऊराव तीन एकरवाला शेतकरी. बायको सुनंदा आपल्यासारखीच गटातली. मुलगी वैशाली बारावी सायन्सला, तालुक्याच्या गावी सीईटीचा क्लास लावलेला. मुलगा नीलेश एकवीस वर्षांचा, कधी शेतात, कधी दुकानावर. क्लासच्या फीचा दुसरा हप्ता तीस हजार होता. सोयाबीन विकून अठरा हजार आले, सुनंदाताईंनी गटातून बारा हजारांचं शिक्षणासाठी कर्ज घेतलं. सगळे पैसे भाऊरावांच्या खात्यात जमा केले. भाऊरावांना मोबाईलवरून पैसे पाठवता येत नाहीत, म्हणून फोन आणि पिन दोन्ही नीलेशकडे. चार दिवसांनी त्याने फोनवर एक फोटो दाखवला, "बाबा, भरली फी." भाऊरावांनी हिरवी खूण पाहिली आणि निश्चिंत झाले.

तीन आठवड्यांनी वैशालीचा फोन आला. "बाबा, सर म्हन्तेत हप्ता आला नाही. सोमवारपासून बसू देनार नाही म्हन्ते."

"अवं, भरली ना. नीलेशनं पावती दाखवली मले."

"त्याहीच्या वहीत नाही, बाबा."

भाऊरावांनी मुलाला काही विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी पासबुक घेऊन बँकेत गेले. मशीन कागद भरत गेलं, पान उलटावं लागलं, पुन्हा उलटावं लागलं. पाचशे, पाचशे, हजार, पाचशे, दोन हजार. मध्येच कुठे चारशे जमा, कुठे अकराशे जमा. काउंटरवरच्या माणसाने बोट ठेवून सांगितलं, "काका, हे सगळं एकाच नावाने गेलंय. पत्त्यांचं ॲप आहे, रमीचं." बेरीज केली. गेले सदतीस हजार शंभर, परत आले सात हजार चारशे. खात्यात उरले तीनशे.

संध्याकाळी भाऊरावांनी पासबुक नीलेशसमोर ठेवलं. "हे काय होय?"

नीलेश खाली बघत बोलला, "पहिल्या आठवड्यात जिंकलो होतो बाबा. म्हटलं, फी भरून वरचे आईच्या गटाले देऊ. मंग हरलो. मंग तेच परत काढाले बसलो."

"अन् तो फोटो?"

"जुन्या पावतीवर तारीख बदलली."

सुनंदाताई चुलीपाशी होत्या. त्या एवढंच म्हणाल्या, "बारा हजार माह्या सहीचे होते."

इथे गोष्ट थोडी थांबवते, कारण नीलेश "मंग हरलो" म्हणाला, ते नेमकं कसं होतं ते समजलं पाहिजे. आपण म्हणतो, नशीब वाईट. पण नशीब सारखं असलं तरी हरतातच. हिशोब वहीत मांडून बघा.

या खेळात एका पॉइंटचा भाव ठरलेला असतो. हरणाऱ्याच्या हातात राहिलेल्या पानांचे जास्तीत जास्त ऐंशी पॉइंट मोजतात. भाव पन्नास पैसे असेल तर एका डावात फार तर चाळीस रुपये जातात. मुलगा तिथूनच सुरू करतो, वाटतं चहाचे पैसे आहेत. भाव पाच रुपये झाला की एका डावात चारशे. आणि डाव मोबाईलवर पाच-सहा मिनिटांत संपतो.

आता दोन सारखेच हुशार गडी पाच रुपयांच्या भावाने दहा डाव खेळले. दोघांनी पाच-पाच जिंकले, आणि दर वेळी पूर्ण चारशे गेले असं धरू. खरं तर दोघं बरोबरीत सुटायला हवेत. पण जिंकलेल्या रकमेतून ॲप आपला हिस्सा कापतं. समजा शंभराला पंधरा. मग जिंकणाऱ्याला चारशेऐवजी तीनशे चाळीस मिळतात. पाच डाव हरून गेले दोन हजार, पाच जिंकून आले सतराशे. म्हणजे दोघंही तीनशे-तीनशेने खाली, आणि सहाशे ॲपच्या घरात. जितके जास्त डाव, तितकं जास्त कापलं जाणार. म्हणून "परत काढायला" बसणारा मुलगा जास्त डाव खेळतो आणि जास्त घालवतो. नीलेशचं तेच झालं.

पुढे भाऊरावांनी काय केलं? मारलं नाही, ॲपही लगेच काढून टाकलं नाही. आधी पासबुकाच्या त्या पानांची झेरॉक्स काढली, ॲपमधला पैशांचा हिशोब फोनवर जपून ठेवायला लावला. मग पिन बदलला आणि फोन स्वतःकडे घेतला. गेलेले पैसे मात्र आले नाहीत. पिन टाकून आपणच पाठवलेले पैसे बँक परत आणून देत नाही, ही कडू गोष्ट आहे.

सुनंदाताईंनी गटाच्या बैठकीत सगळं उघड सांगितलं. जुनं कर्ज ठरल्या हप्त्याने फेडायचं, त्यात नीलेशच्या मजुरीतून अर्धा हप्ता, असं ठरलं. गटाने आणखी दहा हजार मंजूर केले, पण रोख दिले नाहीत. गटाच्या अध्यक्ष आणि सुनंदाताई स्वतः क्लासवर गेल्या, चेक दिला, शिक्क्याची पावती घेतली. उरलेल्या वीस हजारांसाठी दोन बकऱ्या आणि सरांनी दिलेली दोन महिन्यांची मुदत. वैशालीचे अकरा दिवस बुडाले.

आता तुम्ही म्हणाल, हे खेळ तर बंद झाले. खरंय. ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने कायदा करून पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणली, रमीसुद्धा त्यात आली. शिक्षा खेळ चालवणाऱ्याला आणि जाहिरात करणाऱ्याला आहे, खेळणाऱ्या मुलाला नाही. म्हणून पोरगं तुरुंगात जाईल या भीतीने घरात लपवू नका. मोठ्या ॲपनी पैशांचे डाव बंद केले, पण लिंकवरून उतरवायला सांगणारे चोरटे ॲप असतातच. तिथे पैसे एखाद्या व्यक्तीच्या नावावर जातात, नाव सारखं बदलतं, आणि जिंकलेले काढायला गेलं की "आधी आणखी भरा" म्हणतात. असं दिसलं तर ती सरळ फसवणूक आहे. त्याच वेळी 1930 ला फोन करा. जितका उशीर, तितके पैसे पुढच्या खात्यात सरकतात. मुलाला खेळल्याशिवाय राहवतच नसेल, रात्र-रात्र झोपत नसेल, तर 14416 हा टेलिमानसचा सरकारी नंबर आहे, मराठीत बोलता येतं.

एक काम मात्र सगळ्या गटांनी या महिन्यापासून करूया. शिक्षणासाठी कर्ज दिलं की पुढच्या बैठकीत शिक्क्याची पावती वहीला जोडायची, फोनमधला फोटो चालणार नाही. आणि ज्यांच्या खात्याचा पिन दुसऱ्याकडे आहे त्यांनी महिन्यातून एकदा पासबुक भरून आणायचं. एकाच नावाने पाचशे-हजार पुन्हा पुन्हा गेलेले दिसले, तर त्याच दिवशी घरात विचारायचं. भाऊरावांनी पहिल्या आठवड्यात पासबुक भरलं असतं, तर निम्म्याहून जास्त फी खात्यातच सापडली असती.

आता कर्जफेडीचा तक्ता घेऊया.